कमाल-किमानाची उदाहरणे: दुसरे विकलज कशासाठी तपासायचे?

“कमाल-किमानाची उदाहरणे म्हणजे फुकटचे गुण. एक, पहिले विकलज शून्य ठेवा, जो x येईल तेच उत्तर. दुसरे विकलज ही नुसती औपचारिकता. दोन, कुंपणाच्या उदाहरणात उत्तर चौरसच येते. तीन, पत्र्याच्या खोक्यात कोपऱ्यांतून कापायचा चौरस बाजूच्या एक-षष्ठांश असतो. वेळ वाचवा आणि पुढे पाठवा.”
(सांगली-मिरज परिसरात बारावीच्या विद्यार्थ्यांमध्ये फिरणारा संदेश)

तिसऱ्या विधानापासून सुरुवात करतो, कारण ते अर्धे खरे आहे आणि अर्धे खरे असलेले सूत्रच परीक्षेत जास्त फसवते. पत्रा चौरस असेल आणि त्याची बाजू a असेल, तर घनफळ V = x(a − 2x)² होते आणि त्याचे विकलज (a − 2x)(a − 6x) असे सुटते. x = a/2 घेतल्यास पत्रा पूर्ण कापला जाऊन खोकेच उरत नाही, म्हणून x = a/6 हे उत्तर येते. संदेशातील नियम येथूनच उचललेला आहे; मात्र पत्रा चौरस असण्याची अट वाटेत कोठेतरी गळून पडली आहे.

आता 30 सेंमी लांब आणि 14 सेंमी रुंद पत्रा घेऊ. चारही कोपऱ्यांतून x बाजूचे चौरस कापून कडा वर दुमडल्या, तर

V = x(30 − 2x)(14 − 2x) = 4x³ − 88x² + 420x

हे घनफळ मिळते. रुंदीच्या दोन्ही टोकांकडून x कापला जात असल्याने x हा 0 आणि 7 यांच्या दरम्यानच असू शकतो, आणि ही मर्यादा विकलज काढण्याआधीच वहीत लिहून ठेवावी. पुढे

V′ = 12x² − 176x + 420 = 4(x − 3)(3x − 35)

म्हणजे x = 3 किंवा x = 35/3. “जो x येईल तेच उत्तर” असे मानणाऱ्याच्या हातात येथे दोन x आहेत, आणि त्यांतला कोणता घ्यायचा हे पहिले विकलज सांगत नाही. दुसरे विकलज V″ = 24x − 176 आहे. x = 3 ला ते −104 येते, म्हणजे तेथे घनफळ कमाल आहे; x = 35/3 ला ते +104 येते, म्हणजे तेथे किमान आहे. शिवाय 35/3 ही किंमत सुमारे 11.67 असल्याने ती मर्यादेच्या बाहेरच पडते. तरीही ती V मध्ये ठेवून पाहिली, तर घनफळ सुमारे −726 घन सेंमी येते. ऋण घनफळाचे खोके कोणताही पत्रे कापणारा कारागीर बनवून देणार नाही.

x = 3 घेतल्यावर खोके 24 × 8 × 3 मापाचे होते आणि घनफळ 576 घन सेंमी भरते. एक-षष्ठांशाचा नियम लावायचा, तर आधी कोणत्या बाजूचा एक-षष्ठांश हेच ठरत नाही. लांबीचा घेतला तर x = 5 आणि घनफळ 400; रुंदीचा घेतला तर x = 7/3 आणि घनफळ सुमारे 552. दोन्ही 576 पेक्षा कमी आहेत.

याच उदाहरणात आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. V″ शून्य होते ते x = 22/3 ला, म्हणजे 7 च्या पुढे; त्यामुळे 0 ते 7 या संपूर्ण पट्ट्यात V″ ऋणच राहते आणि आलेख सर्वत्र खालच्या बाजूला वाकलेला असतो. म्हणून x = 3 ची कमाल किंमत ही केवळ आजूबाजूच्या किमतींपेक्षा मोठी नसून संपूर्ण पट्ट्यातली सर्वांत मोठी आहे, असे खात्रीने म्हणता येते. एका बिंदूवरचे चिन्ह एवढी खात्री देत नाही.

पहिल्या विधानाला याहून मोठा धक्का देणारे उदाहरण अगदी साधे आहे. समजा आटपाडीकडच्या एका मेंढपाळाकडे 80 मीटर जाळी आहे. तिचे दोन तुकडे करून त्याला दोन चौरसाकार वाडगी करायची आहेत आणि दोहोंचे मिळून क्षेत्रफळ जास्तीत जास्त हवे आहे. एका तुकड्याची लांबी p मानली, तर

A = p²/16 + (80 − p)²/16
A′ = (2p − 80)/8

येथे A′ शून्य ठेवल्यास p = 40 येते, आणि संदेशावर विसंबणारा विद्यार्थी “दोन समान तुकडे” असे उत्तर लिहून मोकळा होतो. पण A″ = 1/4, म्हणजे धन. p = 40 ला क्षेत्रफळ 200 चौरस मीटर येते, आणि ते शक्य असलेले सर्वांत कमी क्षेत्रफळ आहे! तुकडे जसजसे असमान होतात तसतसे क्षेत्रफळ वाढते आणि सगळी जाळी एकाच वाडग्याला लावली की ते 400 होते. म्हणजे कमाल किंमत p च्या टोकाला आहे, जेथे विकलज शून्य नाही. दोन वाडगी हवीतच असा हट्ट असेल, तर कमाल उत्तर अस्तित्वातच नाही. दुसरे वाडगे जितके लहान कराल तितके एकूण क्षेत्रफळ 400 च्या जवळ सरकते. वगळायला सांगितलेली ती एक ओळ लिहिली असती, तर उलटे उत्तर हाती आले आहे हे तेथेच कळले असते.

दुसऱ्या विकलजालाही मर्यादा आहे, हे मान्य करावे लागेल. ते शून्य आले, तर निर्णय देत नाही: x³ आणि x⁴ या दोहोंचे दुसरे विकलज x = 0 ला शून्यच आहे, पण पहिल्यात तेथे कमाल-किमान काहीच नाही आणि दुसऱ्यात किमान आहे. अशा वेळी पहिल्या विकलजाचे चिन्ह त्या बिंदूच्या दोन्ही बाजूंना तपासावे.

राहिले कुंपण. चारही बाजूंना तार लावायची असेल आणि दुसरी कोणतीही अट नसेल, तर आयतांमध्ये चौरसच सर्वांत मोठा, यात वाद नाही. मात्र म्हैसाळ योजनेच्या कालव्यालगतच्या रानात कालव्याची बाजू मोकळी सोडून 240 मीटर तार तीनच बाजूंना लावायची असेल, तर काठाला काटकोनातली बाजू x आणि काठालगतची बाजू 240 − 2x होते. मग A = 240x − 2x², A′ = 240 − 4x आणि A″ = −4. त्यावरून x = 60, काठालगतची बाजू 120 आणि क्षेत्रफळ 7200 चौरस मीटर. 80 × 80 चा चौरस केला असता, तर 6400 च मिळाले असते. कालव्याच्या पलीकडे याच तुकड्याचे प्रतिबिंब कल्पावे, म्हणजे 480 मीटर तारेचा 120 × 120 चा पूर्ण चौरस दिसतो; आपला तुकडा त्याचा अर्धा आहे.

आता एवढीच अट वाढवू, की त्या शेतकऱ्याचे रान कालव्यालगत फक्त 100 मीटर आहे. मग 240 − 2x ही बाजू 100 पेक्षा मोठी होऊ शकत नाही, म्हणजे x किमान 70 असायला हवा आणि 60 हे उत्तर बादच होते. 70 पासून पुढे A′ ऋण आहे, म्हणून x वाढवत गेल्यास क्षेत्रफळ घटतच जाते; सर्वांत मोठा तुकडा 70 × 100 चा, 7000 चौरस मीटरचा. येथे A′ = −40 आहे, शून्य नाही, आणि A″ = −4 हे पूर्वीसारखेच ऋण असूनही 70 हा आकडा त्यातून निघत नाही. तो केवळ x च्या मर्यादेतून निघतो.