आधी तपासणी, मग कबुली

“दोन महिन्यांपूर्वी ऑफिसच्या टूरवर एकदाच पाय घसरला. बायकोला माहीत नाही. सांगू का?”

दादा, आधी सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसीत जा. एचआयव्हीची तपासणी तिथे फुकट होते, गुप्तही राहते. रॅपिड टेस्ट आज निगेटिव्ह आली तरी त्या प्रसंगाला ९० दिवस झाल्यावर पुन्हा करा, तोवर कंडोम. माझाही असाच पाय घसरला होता, आणि माझं बिंग त्या कंडोमपायीच फुटलं. नसबंदी झालेला नवरा अचानक कंडोम काढतो म्हटल्यावर बायकोने उठून दिवा लावला. मी म्हटलं, “डॉक्टरांनी सांगितलंय.” तिने एवढंच विचारलं, “कुठल्या?”

प्रकरण संपलेलं आणि रिपोर्ट स्वच्छ असता तर मी गप्पच बसलो असतो, खरं सांगतो. पण तिने थेट विचारलं तर खोटं बोलू नका. माझ्या बायकोला त्या रात्रीपेक्षा ते ‘डॉक्टर’च जास्त लागले.