‘जुहूला बिनधास्त पोहा’ सांगणाऱ्या संदेशाला उत्तर

“मुंबईला जाणाऱ्यांसाठी खास! जुहूला समुद्रात बिनधास्त पोहा. १) सकाळी ६ ते ९ नेहमी ओहोटी असते, तेव्हा धोका नाही. २) लाटा फुटतात तिथे जाऊ नका, मधे शांत पाण्याचा पट्टा दिसेल तिथेच उतरा. ३) पाण्याने आत ओढले तर जीव खाऊन सरळ किनाऱ्याकडे पोहा. ४) नर्मदेत पोहणाऱ्याला समुद्राची भीती नाही. ५) आकाश मोकळे असेल तर समुद्र शांतच असतो.”

हा संदेश इंदूरच्या आमच्या नातेवाइकांच्या गटात फिरत फिरत माझ्या भाच्यापर्यंत पोहोचला, आणि त्याने तो मित्रांसह मुंबईला जाण्याच्या तयारीत जपून ठेवला. अवंतिका एक्सप्रेस पहाटे मुंबईत पोहोचते आणि मुले सामान टाकून सरळ चौपाटी गाठतात, म्हणून हे उत्तर सविस्तर लिहीत आहे.

सर्वांत घातक मुद्दा दुसरा आहे. लाटा किनाऱ्याकडे सतत पाणी लोटत असतात आणि ते साठलेले पाणी परत जायला वाट शोधते. किनाऱ्यालगत पाण्याखाली वाळूचे उंचवटे असतात आणि त्यांच्यामध्ये कुठेतरी खोलगट जागा असते. परतीचे पाणी त्या अरुंद जागेतून वेगाने समुद्राकडे धावते. यालाच रिप करंट म्हणतात. उंचवट्यावर पाणी उथळ असल्यामुळे तिथे लाट फुटते आणि फेस दिसतो, तर खोलगट जागेत ती फुटत नाही, म्हणून वरून तो पट्टा शांत, थोडा गडद आणि आमंत्रण दिल्यासारखा दिसतो. ज्या पट्ट्यात उतरायला हा संदेश सांगतो, तो बहुतेक वेळा नेमका हाच ओढीचा पट्टा असतो. खडक, धक्का किंवा नाल्याचे मुख यांच्या बाजूलाही अशी ओढ तयार होते. पाण्यात जाण्यापूर्वी थोड्या उंच जागेवरून दहा मिनिटे पाहत उभे राहावे. दोन्ही बाजूंना लाटा फुटत असताना मधे फट दिसली, फेस, गढूळ वाळू किंवा कचरा किनाऱ्यापासून दूर जाताना दिसला, तर तिथे गुडघाभर पाण्यातही उभे राहू नये. मात्र गढूळ किंवा खवळलेल्या पाण्यात हा पट्टा ओळखू येत नाही, त्यामुळे ‘मला काही दिसले नाही’ याचा अर्थ ‘तिथे काही नाही’ असा होत नाही.

तिसऱ्या मुद्द्याचा हिशेब करून पाहू. तरणतलावात ५० मीटर अंतर ७५ सेकंदांत कापणारा तरुण चांगला पोहणारा मानला जातो आणि त्याचा वेग सेकंदाला सुमारे ०.६७ मीटर होतो. ओढ सेकंदाला ०.८ मीटर आहे असे धरले, तर पूर्ण ताकद लावूनही तो दर सेकंदाला सुमारे १३ सेंटिमीटर मागेच जाईल. पाच मिनिटांत तो जवळपास ४० मीटर आणखी आत गेलेला असेल, तोही पूर्ण दमलेला. अमेरिकेच्या ‘नोआ’ या शासकीय हवामान व सागर संस्थेच्या माहितीनुसार अशा ओढीचा वेग सेकंदाला ८ फुटांपर्यंत, म्हणजे सुमारे २.४ मीटर, मोजला गेला आहे. ऑलिंपिकमधला जलतरणपटूही तिच्यापुढे मागे पडेल.

रिप करंट माणसाला खाली खेचत नाही, फक्त किनाऱ्यापासून दूर नेतो. माणूस बुडतो तो घाबरून दमल्यामुळे. म्हणून पाठीवर तरंगत राहावे, श्वास सावरावा, एक हात वर करून मदत मागावी आणि दम असेल तर किनाऱ्याला समांतर पोहावे. आपल्याच उदाहरणात पट्टा १५ मीटर रुंद असेल, तर त्याच तरुणाला आडवे बाहेर पडायला अर्धा मिनिटही लागणार नाही. तेवढ्या वेळात तो वीसेक मीटर आत जाईल, पण ओढीतून सुटेल आणि मग फुटणाऱ्या लाटांच्या बाजूने तिरके परतता येईल. एका बाजूला पाणी अडवत आहे असे जाणवले तर दुसऱ्या बाजूला वळावे, आणि काहीच जमत नसेल तर नुसते तरंगावे, कारण ओढ फुटत्या लाटांच्या पलीकडे सहसा मंदावते.

आता नर्मदेविषयी. ओंकारेश्वर-महेश्वरकडे पोहायला शिकलेल्या माणसाला एक गोष्ट खरोखर येते, हे मान्य केले पाहिजे: तो प्रवाहाशी थेट झुंजत नाही, तिरका कापत काठ गाठतो. समुद्रातही हीच सवय कामाची आहे. पण संदेशाचा तिसरा मुद्दा त्याला नेमके उलट करायला सांगतो. शिवाय नदीचा प्रवाह काठाला समांतर वाहतो आणि काठ दोन असतात. समुद्राची ओढ माणसाला एकुलत्या एक काठापासून दूर नेते आणि वरून लाटा तोंडावर आदळत राहतात.

ओहोटीची ठरावीक वेळ नसते, हे पंचांग पाहणाऱ्या घरात तरी सांगावे लागू नये. मुंबईच्या किनाऱ्यावर एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत सुमारे १२ तास २५ मिनिटे लागतात, म्हणून वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. कोकणात तिथीच्या पाऊणपट तास हा भरतीच्या वेळेचा जुना ठोकताळा आहे. पौर्णिमेला १५ च्या पाऊणपट म्हणजे सव्वाअकराच्या सुमारास भरती, म्हणून ओहोटी पहाटे पाचच्या आसपास. पण अष्टमीला ८ च्या पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहाला भरतीच! हा केवळ अंदाज आहे. प्रत्यक्षात त्या दिवसाचे भरती-ओहोटीचे छापील वेळापत्रक पाहावे. आणि ओहोटी असली तरी ती सुरक्षिततेची हमी नव्हे. पाणी उतरले की वाळूचे उंचवटे अधिक उथळ होतात, परतीचे पाणी खोलगट वाटांतूनच जाते आणि ओढ बहुधा वाढते.

पाचव्या मुद्द्याबद्दल थोडक्यात सांगायचे तर लाटा शेकडो किलोमीटर दूरच्या वाऱ्यानेही उठतात. जून २०२३ मध्ये बिपरजॉय चक्रीवादळ मुंबईपासून दूर समुद्रात असताना जुहूला पाण्यात गेलेल्या काही मुलांचे प्राण गेले. वर ऊन आहे की ढग, यावरून समुद्र कळत नाही. हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था उंच लाटांचे इशारे देते, ते आदल्या दिवशी पाहावेत.

जूनपासून सप्टेंबरपर्यंत, लाल झेंडा असताना, उंच लाटांचा इशारा असताना, अंधार पडल्यावर, जोरदार पावसानंतर नाल्यांचे पाणी समुद्रात येत असताना किंवा जीवरक्षक नसलेल्या जागी पाण्यात उतरू नये. मुंबईतल्याच आक्सा किनाऱ्यावर तर आजवर इतके लोक बुडाले आहेत की तिथे पाण्यात उतरण्याचा विचारच करू नये.

कुणी ओढीत सापडलाच तर मित्राने मागे उडी मारू नये, कारण वाचवायला गेलेलाही अनेकदा बुडतो. झाकण घट्ट लावलेला पाण्याचा रिकामा पाच लिटरचा कॅन त्याच्याकडे फेकावा, बुडणाऱ्यावरून नजर न हटवता जीवरक्षकाला हाक मारावी, ११२ वर फोन करावा आणि त्याला ‘तरंग, आडवा पोह’ असे ओरडून सांगत राहावे.