पाणी 100 वरच उकळतं, सर!

सातवीच्या विज्ञानाच्या वह्या तपासायला बसलं की घरची मंडळी माझ्या आसपास फिरकत नाहीत. पहिलीच वही उघडली. प्रयोग : पाण्याचा उत्कलनांक. तारीख : 17 सप्टेंबर. अरे लेकरा, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाला झेंडावंदन झालं की तू खाऊ घेऊन घरी पळालास, मग पाणी कुणी उकळलं? मागची पानं चाळली. जूनपासूनच्या साऱ्या नोंदी एकाच शाईत, एकाच तिरक्या अक्षरात. म्हणजे सगळं विज्ञान काल रात्री जेवणानंतर झालं.

आकृतीत झोकदार गॅस बर्नर. आमच्या शाळेत स्पिरिटचा दिवा आहे, तोही वाऱ्यानं विझतो. खाली निरीक्षणाचा तक्ता : दर दोन मिनिटांनी बरोबर 10 अंश वाढ, आणि 100 आलं की एसटीसारखा पारा स्टँडात उभा! पुढच्या वहीतही 100. त्याच्या पुढच्या वहीतही.

आता आमचं गाव समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंच. इथं हवेचा दाब कमी, म्हणून पाणी 98 अंशांच्या आसपासच उकळतं. तापमापी थोडी इकडंतिकडं दाखवेल, पण सगळ्यांनाच नेमकं 100? पाणी बिचारं पुस्तक वाचून उकळत नाही.

मग एका पोरीची वही आली. कळकट, कोपऱ्यावर पाण्याचा डाग. तिच्या तक्त्यात पारा आधी भराभर चढतो, मग रेंगाळतो, शेवटी 101, 101. त्यावर एकच आडवी रेघ, खालचा आकडा स्वच्छ वाचता येतो. शेजारी लिहिलंय : 'तापमापीचा फुगा चंचुपात्राच्या बुडाला टेकला होता. दोऱ्यानं वर टांगला. आता 98, 98, 98.' आकृतीत दोरासुद्धा काढलाय. तारीखही शाळेच्या दिवसाची, तासिकेसकट. मी तिला सगळ्यांत जास्त गुण दिले.

वर्गात बोंब उठली. "सर, तिनं खाडाखोड केली, तरी जास्त मार्क? आमची वही तर एकदम कोरी करकरीत हाय!"

मी समजावलं : चुकीचा आकडा खोडरबरनं पुसायचा नाही, व्हाइटनर लावायचं नाही. एक रेघ मारायची, का चुकलं ते लिहायचं. बुडाचं काच पाण्यापेक्षा जास्त तापलेलं असतं, म्हणून 101 आलं, हे तिच्या त्या चुकीमुळंच तर कळलं.

पोरांनी माना डोलावल्या. मागच्या बाकावरून एकानं विचारलं, "सर, रेघ पट्टीनं मारायची का हातानं?"

पुढच्या खेपेला वह्या आल्या. प्रयोग होता बर्फ वितळण्याचा. साऱ्या वर्गानं आधी 3 लिहून पट्टीनं सुबक रेघ मारली होती आणि शेजारी कारण लिहिलं होतं : 'तापमापीचा फुगा बुडाला टेकला होता.' त्या दिवशी गैरहजर असलेल्या पोराच्याही वहीत.