शाळेची फी दोनदा कापली गेली : जास्तीचे पैसे नेमके कोणाकडे अडकतात?

मुलीच्या शाळेची दुसऱ्या सत्राची फी मी पोर्टलवरून कार्डाने भरली. ओटीपी टाकल्यावर पान बराच वेळ फिरत राहिले आणि शेवटी ‘पुन्हा प्रयत्न करा’ असे दिसले, म्हणून मी पुन्हा भरली. पावती एकच आली, पण बँकेचे संदेश दोन आले, दोन्ही तेवढ्याच रकमेचे आणि अवघ्या चार मिनिटांच्या अंतराने. ते पैसे परत मिळायला तीन आठवडे लागले. त्यातले निम्म्याहून अधिक दिवस मी चुकीच्या दारात उभी होते, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

मी आधी बँकेकडे गेले. पण बँकेच्या दृष्टीने हे दोन स्वतंत्र, ओटीपी देऊन मंजूर केलेले व्यवहार होते, आणि त्यांतला एक चुकून झाला हे तिला कळण्याचा मार्गच नव्हता. चूक घडली होती ती मधल्या दुव्यावर. कार्डावरून पैसे घेऊन शाळेपर्यंत पोहोचवणाऱ्या पेमेंट गेटवेने पहिली रक्कम घेतली होती, परंतु ‘पैसे मिळाले’ हा निरोप शाळेच्या पोर्टलपर्यंत पोहोचला नाही. पोर्टलने तो व्यवहार प्रलंबित ठेवला आणि मी पुन्हा बटण दाबताच नवा ऑर्डर क्रमांक तयार केला.

म्हणून सर्वांत आधी पाहायचे ते हे, की जास्तीची रक्कम शाळेच्या नावावर जमा झाली आहे की वाटेतच आहे. बँकेच्या खात्यात ती नोंद ‘प्रलंबित’ दिसत असेल, तर बहुधा रक्कम केवळ रोखून धरलेली असते आणि काही दिवसांत आपोआप मोकळी होते. मात्र दोन्ही नोंदी पक्क्या झाल्या असतील आणि दोन्हींचे संदर्भ क्रमांक वेगळे असतील, तर नुसती वाट पाहून बहुधा काही होत नाही. ते पैसे सहसा शाळेच्या हिशेबात गेलेले असतात आणि परतावा शाळेनेच सुरू करावा लागतो.

माझ्या बाबतीत नेमके हेच झाले होते, तरीही लेखा विभागातील मॅडम ठामपणे म्हणाल्या, ‘आमच्या खात्यात एकच रक्कम आलेली आहे.’ त्या खोटे बोलत नव्हत्या. गेटवे प्रत्येक पालकाची फी वेगळी जमा करत नाही. ठरावीक काळातल्या सगळ्या व्यवहारांची एकत्र रक्कम, बहुधा स्वतःचे शुल्क वजा करून, तो शाळेच्या बँक खात्यात टाकतो. त्यामुळे बँकेच्या पासबुकात माझी दुसरी फी शोधून सापडणे शक्यच नव्हते. मी त्यांना दोन्ही व्यवहारांचे क्रमांक, तारीख, वेळ आणि कार्डाचे शेवटचे चार आकडे लेखी दिले व गेटवेच्या डॅशबोर्डवर शोधण्याची विनंती केली. दोन्ही व्यवहार तिथे ‘यशस्वी’ म्हणून दिसले, आणि वाद तिथेच संपला.

त्यानंतर त्यांनी रक्कम पुढच्या हप्त्यात वळती करू असे सुचवले. मी नम्रपणे नकार दिला. चुकून गेलेली रक्कम पालकाच्या संमतीशिवाय आगाऊ फी ठरवणे मला अयोग्य वाटते, कारण घरखर्चातून गेलेली ती रक्कम अनेकांना त्याच महिन्यात लागणार असते. डॅशबोर्डवरून परतावा सुरू केला, की बहुधा गेटवे ती रक्कम शाळेला पुढे द्यायच्या पैशांतून वळती करतो आणि ती मूळ कार्डावरच परत जाते. शाळेला धनादेशही काढावा लागत नाही.

परतावा सुरू झाला, की त्याचा संदर्भ क्रमांक अवश्य मागून घ्यावा. कार्डाच्या परताव्याला ‘एआरएन’ नावाचा २३ अंकी क्रमांक असतो आणि तो सांगितला की बँकेला रक्कम कुठवर आली आहे ते शोधता येते. शाळा दादच देत नसेल, तर कार्ड देणाऱ्या बँकेकडे ‘दुहेरी आकारणी’ म्हणून चार्जबॅकचा, म्हणजे तो व्यवहार उलटवून पैसे परत मिळवण्याचा, दावा करता येतो. त्याची मुदत कार्डाच्या प्रकारानुसार साधारण ९० ते १२० दिवस असते, तरीही इतके थांबू नये. मात्र शाळेचा परतावा सुरू असताना हा दावा करू नये. दोन्हीकडून पैसे जमा झाले, तर एक रक्कम पुन्हा कापली जाते आणि प्रकरण विनाकारण चिघळते.

शेवटी एक बारकावा, जो माझ्या हातून जवळजवळ सुटला होता. माझी पावती दुसऱ्या व्यवहारावर निघाली होती, आणि मॅडम ‘नंतरचा तो जास्तीचा’ असे धरून त्याच व्यवहाराचा परतावा करायला निघाल्या होत्या. तसे झाले असते, तर पैसे परत आले असते, पण पावती रद्द होऊन मुलीच्या नावावर फी थकलेली दिसली असती. मी त्यांना पावतीवरचा व्यवहार क्रमांक दाखवला आणि ज्यावर पावती नव्हती त्या पहिल्या व्यवहाराचा परतावा करून घेतला. सहाव्या दिवशी रक्कम कार्डावर जमा झाली, आणि त्याच संध्याकाळी पोर्टल उघडून थकबाकी शून्य आहे, हेही मी पाहून घेतले.