काडीचं काम

गुहागरकडच्या आमच्या गावात रेंज घरी येत नाही, तिला भेटायला सड्यावर जावं लागतं. तिथेही ती बोलू देते, फोटो मात्र पाठवू देत नाही. गोल फिरत राहतो, माणसाची मान आखडेपर्यंत. पुतणी चिमी पुण्याला नीटच्या अभ्यासाला, आणि तिचं सरावाचं पुस्तक आमच्या झोपाळ्यावर विसरलेलं. म्हणून ऐन एप्रिलात, दुपारी साडेतीनला, डोक्यावर टॉवेल घेऊन मी कातळावर बसलो.

"काका, फक्त चौदावा प्रश्न वाचून दाखव."

वाचायला काय होतं? 'दिलेल्या आकृतीतील संयुग खालीलपैकी कोणते?' एवढंच. पुढे अक्षरं संपली आणि काड्या सुरू झाल्या. प्रश्नात एक चित्र, आणि अ, ब, क, ड हे चारही पर्याय म्हणजे चित्रंच. चारही बांगडा खाऊन ताटाच्या कडेला ठेवलेल्या काट्यांसारखी.

"अगो, सोपं आहे," मी म्हटलं, "वरचं आणि अ सारखंच आहे. नागमोडी रेघ, खाली एक काडी. ब पण तसंच, पण जरा..."

"काका! 'तसंच, पण' म्हणायचं नाही. एकेक चित्र पूर्ण सांग, मी इथे काढते. तुलना शेवटी."

मग तिने नियम सांगितले. रेघ जिथे वळते तिथे एक कार्बन. रेघ जिथे संपते तिथेही एक. हायड्रोजन काढत नाहीत, ते समजून घ्यायचे, घरच्या बाईच्या कामासारखे. (हे शेवटचं माझं.) मी पहिल्यांदा फक्त वळणं मोजली आणि प्रश्नातल्या चित्रात चार कार्बन भरले. "टोकं कुठे गेली?" तिने विचारलं. दोन टोकं धरून रेघेत सहा, काडीच्या टोकाचा एक, एकूण सात. चारही पर्यायांत सातच यायला हवेत असं तिचं म्हणणं, कारण अशा प्रश्नात सूत्र बहुधा सगळ्यांचं एकच असतं, इथे C7H16. सात आले नाहीत तर चूक माझ्या बोटांची.

प्रश्नातलं चित्र: सहांची रेघ, डावीकडून तिसऱ्यावर एक काडी.

अ: सहांची रेघ, डावीकडून पाचव्यावर काडी. मी म्हणालो होतो ते 'सारखंच' हे! पण मोजायचं काडीला जवळ असलेल्या टोकाकडून. उजवीकडून मोजलं तर दुसरा. तिसरा काही केल्या होईना. अ गेला.

ब: पाचांची रेघ, बरोबर मधल्यावर फांदी, आणि फांदीवर एक वळण, म्हणजे फांदीत दोन. सात भरले. तीन हात, तिन्ही दोन-दोनांचे. कुठूनही निघा, पाचांपेक्षा लांब रेघ निघत नाही.

ड: पाचांची रेघ, दुसऱ्यावर एक काडी, तिसऱ्यावर एक. सात. लांब रेघ इथेही पाचांचीच.

क मी मुद्दाम मागे ठेवला होता. ते चित्र मला बघवत नव्हतं. पाचांची रेघ, डावीकडून दुसऱ्यावर खाली लोंबणारी दोन कार्बनांची फांदी. वरच्या चित्राशी नावालाही साम्य नाही. "हे सोड," मी म्हटलं, "हे वाकडं आहे."

"काका, फांदीच्या खालच्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत चालत जा."

कातळावर बोट टेकून चाललो. फांदीचे दोन, मग फाट्याचा एक, पुढे तीन. सहा! आणि ज्याला मी रेघेचं डावं टोक समजत होतो ती बिचारी काडी निघाली, खालून तिसऱ्या कार्बनवर. गाडीरस्ता समजून सरळ निघावं आणि ती कुणाच्या तरी खळ्यात जाणारी पायवाट निघावी, तसं झालं.

"3-मेथिलहेक्झेन," चिमी म्हणाली. "आता एकच सांग. कुठल्या काडीला जाड पाचर किंवा तुटक रेषा आहे का?"

नव्हती. असती तर ती काडी कागदाच्या पुढे की मागे हेही सांगावं लागलं असतं, कारण या संयुगाची डावी-उजवी अशी दोन रूपं असतात, आणि आरशातलं रूप वेगळं धरतात. साध्या रेघांत तो भेद दिसतच नाही. देव पावला.

"उत्तर क. आता पंधरावा."

मी पान उलटलं. चारही पर्यायांत षटकोन. दोन-दोन षटकोन, भिंतीला भिंत लावून बसलेले, आत दुहेरी रेषा, प्रत्येकात वेगळ्या बाजूंना.

"चिमे," मी म्हटलं, "पावसाची सर येतेय गो."

"एप्रिलमध्ये?"