पत्राला उत्तर द्यायला तुमच्या हाताला काय लकवा भरलाय का?

मला एक सांगा, सोसायटीच्या सेक्रेटरीला लेखी पत्र दिलं की ते नेमकं जातं कुठे? ऑफिसच्या त्या लोखंडी कपाटात जातं, लिफ्टच्या खड्ड्यात जातं की सेक्रेटरी साहेबांच्या घरी रद्दीत जातं? आवक नोंदवहीत नंबर पडतो, शिक्का बसतो, आणि मग चिडीचूप. पुढे कधी लिफ्टमध्ये भेटले तर "अरे हो, तुमचं लेटर आलंय, बघतो" असं म्हणतात आणि तळमजला आला की सुटतात. बघतो म्हणजे काय बघतो? माझ्या बेडरूमच्या स्लॅबमधून पाणी ठिबकतंय, ते बघायला तर कोणी वर आलं नाही.

मी डोंबिवलीत सगळ्यात वरच्या मजल्यावर राहतो. वर गच्ची, गच्चीचं वॉटरप्रूफिंग कधीचं मेलेलं, आणि पाऊस सुरू झाला की छताच्या प्लास्टरला फुगे येतात. हे काही माझं घरगुती लीकेज नाहीये. माझ्या संडास-बाथरूममधून खाली गळलं तर खर्च माझा, मान्य आहे, पण गच्चीतून येणाऱ्या पावसाच्या पाण्याने वरच्या मजल्याचं छत आणि प्लास्टर खराब झालं तर ती दुरुस्ती सोसायटीने स्वतःच्या खर्चाने करायची असते, हे आदर्श उपविधीत, म्हणजे सोसायट्यांच्या नियमावलीत, सरळ लिहिलंय. आणि तक्रारीचं पण लिहिलंय, की सभासदाने लेखी अर्ज दिला की कमिटीने तो पुढच्या मीटिंगमध्ये घ्यायचा, निर्णय करायचा आणि त्यानंतर 15 दिवसांत सभासदाला कळवायचा. कळवायचा म्हणजे लिफ्टमध्ये नाही हो, कागदावर!

तर 16 जून 2025 ला मी पत्र दिलं. आमच्याकडे कमिटीची मीटिंग महिन्यातून एकदा होते, म्हणजे जुलै संपेपर्यंत उत्तर यायलाच हवं होतं. आलं का? शून्य. उलट ग्रुपवर गच्चीतल्या कुंड्या कोणाच्या यावर दोन दिवस भांडण चाललं. मग 4 ऑगस्टला मी स्मरणपत्र टाकलं, आणि ते वाचून बिल्डिंगमधले अर्धे लोक मलाच म्हणाले "अहो एवढं कडक कशाला लिहिलंत, त्यांना वाईट वाटेल". त्यांना वाईट वाटेल!! माझ्या गादीचा कोपरा रोज ओला होतोय त्याचं कोणालाच काही नाही.

आणि कडक म्हणजे काय होतं त्यात? शिवी नव्हती, धमकी नव्हती, एक पान सुद्धा पूर्ण भरलं नव्हतं. वर विषय: गच्चीतील गळतीबाबत अंतिम स्मरणपत्र. खाली संदर्भ: माझे दि. 16 जून 2025 चे पत्र आणि त्याचा आवक क्रमांक. मग मजकूर, की "वरील पत्रास आजपर्यंत लेखी उत्तर मिळालेले नाही. सदर तक्रारीवर कमिटीने कोणत्या तारखेच्या सभेत काय निर्णय घेतला ते आणि दुरुस्ती कधी सुरू करणार ते मला बुधवार, दि. 20 ऑगस्ट 2025 रोजी संध्याकाळी 6 वाजेपर्यंत लेखी कळवावे. तोपर्यंत गच्चीच्या गळक्या भागावर तात्पुरते ताडपत्रीचे आच्छादन करावे. मुदतीत उत्तर न आल्यास मी उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे तक्रार दाखल करीन." खाली सही, आणि सोबत पहिल्या पत्राची शिक्का असलेली झेरॉक्स. झालं. ह्यात कोणाला काय टोचलं? तारीख टोचली. दुसरं काही नाही.

लोकांचा इथेच घोळ होतो आणि तो बघून मला अजून संताप येतो. शेजारच्या काकूंनी पण गच्चीसाठीच पत्र दिलेलं, उत्तर नाही म्हणून त्यांनी दुसरं पत्र लिहिलं, पण त्यात पहिल्या पत्राचा उल्लेखच नाही, सगळी कहाणी परत पहिल्यापासून, शिवाय पार्किंगचं, कुत्र्यांचं आणि पाण्याच्या प्रेशरचं पण त्यातच घुसवलं. सेक्रेटरीला काय, आयतं घबाड. म्हणे "तुमची तक्रार नवीन आहे, पुढच्या मीटिंगला घेऊ." म्हणजे काकूंनी आधी घालवलेले सगळे दिवस पाण्यात. म्हणून स्मरणपत्रात नवीन काही घालायचं नसतं. जुनंच पत्र, जुनीच तारीख, जुनीच मागणी, फक्त उत्तर द्यायची शेवटची तारीख नवीन. ते कागद पुढे तिसऱ्या माणसासमोर जाणार असतात, आणि त्या तिसऱ्या माणसाला एका नजरेत दिसलं पाहिजे की ह्यांना अमुक दिवशी कळवलेलं, हे गप्प बसले, परत आठवण दिली, परत गप्प बसले.

आणि ते "लवकरात लवकर", "त्वरित", "योग्य ती कार्यवाही व्हावी" हे शब्द तर पत्रातून हद्दपार केले पाहिजेत. लवकरात लवकर म्हणजे आमच्या कमिटीच्या कॅलेंडरमध्ये पुढची दिवाळी. "15 दिवसांत" लिहिलं तरी विचारतात, कधीपासून 15, तुम्ही दिल्यापासून की मी वाचल्यापासून? आणि वाचलं कधी हे तेच ठरवणार! म्हणून वार, तारीख, वेळ, तिन्ही लिहायचं. मी 20 ऑगस्ट धरली ती पण उगाच नाही. 15 ऑगस्टला सुट्टी, 16 ला गोपाळकाला, आणि 27 ला गणपती. गणपतीच्या आठवड्यातली तारीख दिली असती तर "बाप्पा जाऊ दे मग बघू" हे उत्तर तयारच होतं. आणि दोन दिवसांची मुदत दिली असती तर उपनिबंधकांकडे मीच आततायी दिसलो असतो. दोन आठवड्यांच्या वर मुदत दिली, आता कोणी म्हणू शकत नाही की वेळ दिला नाही.

अजून एक, मी मुदत उत्तराची दिली, कामाची नाही. काही जण रागात लिहितात "15 दिवसांत गच्ची दुरुस्त करा". अहो भर ऑगस्टमध्ये ओल्या स्लॅबवर कोण शहाणा वॉटरप्रूफिंग करेल, पृष्ठभाग कोरडा नसेल तर ते सहसा धरत नाही, आणि हेच कारण पुढे करून कमिटी साळसूदपणे सांगते की सभासद अशक्य मागणी करतायत. काम पावसाळ्यानंतर करा, माझी हरकत नाही, पण करणार हे आणि कधी करणार हे लिहून द्यायला कुठला पाऊस आडवा येतो?

पत्र पोचवायचा तमाशा वेगळाच. ऑफिसमधला पोरगा म्हणे "साहेबांनी पत्रं घ्यायची नाहीत सांगितलंय". मग कधीतरी घेतलं तर कोपऱ्यात नुसती सही, ना तारीख ना शिक्का. तसली पोच घेऊन काय करू? त्याच्यासमोर उभं राहून तारीख घालून घेतली. आणि तरी विश्वास नाही म्हणून तेच पत्र पोस्टाने पण पाठवलं, तेव्हा रजिस्टर वेगळं होतं, नंतर पोस्टाने ते स्पीड पोस्टमध्येच विलीन केलंय, आता स्पीड पोस्ट करताना रजिस्ट्रेशनची सेवा वेगळी मागून घ्यावी लागते. पावती जपायची, ट्रॅकिंगचं पान डिलिव्हर्ड दिसलं की लगेच प्रिंट काढून ठेवायची. पाकीट "घेण्यास नकार" असा शेरा मारून परत आलं तर ते फाडायचं नाही, तसंच बंद ठेवायचं, बरोबर पत्त्यावर पाठवलेलं रजिस्टर पत्र नाकारलं तरी ते मिळालं असंच सहसा धरतात. ग्रुपवर फोटो टाकून "मी कळवलं होतं" म्हणणाऱ्यांनी हे जरा लक्षात घ्या, तिथे तुमच्या गळतीच्या फोटोखाली लगेच कोणाच्या तरी वाढदिवसाचा केक येतो आणि विषय संपतो.

आणि प्लीज, रागाच्या भरात मेंटेनन्स थांबवू नका. आमच्या दुसऱ्या विंगमधल्या एकाने "आधी गळती, मग पैसे" असं केलं आणि गळती राहिली बाजूला, वसुलीची नोटीस त्यालाच आली. ज्या कमिटीला दोन ओळींचं उत्तर लिहायला वेळ नव्हता, तिला नोटीस टाइप करायला बरोब्बर वेळ मिळाला. मी दर महिन्याला दात-ओठ खात भरतोय, पण भरतोय.

तर 19 तारखेला रात्री जेवताना सेक्रेटरी साहेबांचा फोन. "अहो, आपण घरचीच माणसं, लेटर-बिटर कशाला, बसून बोलू." मी म्हटलं बसू की, आधी बोललेलं तेवढं लिहून द्या. फोन ठेवला त्यांनी. आणि 20 तारखेला संध्याकाळी खरंच पाकीट आलं बरं का, लेटरहेडवर, चेअरमन-सेक्रेटरी दोघांच्या सह्या: "आपले पत्र मिळाले. विषय कमिटीच्या विचाराधीन आहे." एवढंच! ना सभेची तारीख, ना निर्णय, ना ताडपत्री. ह्याला उत्तर म्हणतात? मी विचारलेल्या एकाही गोष्टीचा त्यात पत्ता नाही. पण एक बरं झालं, माझं पत्र मिळाल्याचं त्यांनी स्वतःच्या सहीने कबूल करून टाकलं, आता "आम्हाला काही मिळालंच नाही" हा रस्ता बंद.

21 ला उपनिबंधकांच्या ऑफिसात तक्रार दिली. 16 जूनचं पत्र, 4 ऑगस्टचं स्मरणपत्र, दोन्हीची पोच, पोस्टाची पावती, छताचे तारखेसकट फोटो, आणि वर त्यांचं ते विचाराधीनवालं रत्न. क्लार्कने कागद चाळले, तारखा बघितल्या, काही न विचारता आवक नंबर दिला. घरी पोचेपर्यंत बातमी सोसायटीत पसरलेली, गेटवरच सेक्रेटरी साहेब उभे, चेहरा पडलेला. म्हणतात काय, "डायरेक्ट वर गेलात? आधी आम्हाला एक पत्र तरी द्यायचं होतं!"