टीम कुठे बसते हे अजिबात विचारू नका

जाहिरातीत 'बेळगाव, हायब्रिड' लिहिलंय ना, मग झालं की! विचारायचं कशाला, एचआर मॅडमना वाटायचं पोरगा आत्तापासूनच नखरे करतोय. पोर्टलवर जास्त अर्ज यावेत म्हणून एकाच जागेला चार-पाच शहरं टाकतात हे खरं, पण आपल्या बाबतीत तसं कशाला होईल.

मॅनेजर राउंडला साहेब म्हणतील, "आम्ही मंगळवार ते गुरुवार सगळे एकत्र बसतो". तुम्ही मान डोलवायची. कुठे बसता, हे विचारणं म्हणजे उद्धटपणा. फारच राहवलं नाही तर 'घरून काम मिळेल का' एवढंच विचारा, कारण त्याला 'आमची पॉलिसी फ्लेक्सिबल आहे' असं गोड उत्तर मिळतं आणि त्यातून काहीच कळत नाही. तुम्ही कुठे बसता, ते तीन दिवस कुठल्या ऑफिसात मोजणार, बेळगावात पंच केलं तर चालेल का, असले प्रश्न विचारले की उत्तर सरळ द्यावं लागतं आणि सगळी मजाच जाते.

ऑफर लेटर आलं की पगाराचा आकडा बघा, पेढे वाटा. वर्क लोकेशनची ओळ आणि तिच्याखालचं 'कंपनी गरजेनुसार कुठल्याही ऑफिसात पाठवू शकते' हे वाक्य म्हातारपणी निवांत वाचायला ठेवा. जुन्या कंपनीत राजीनामा मात्र त्याच दिवशी टाका, नाहीतर मागे फिरायची सोय राहील.

मग जॉइनिंगला कळतं की टीम बेंगळुरात आहे. हरकत नाही, सोमवारी रात्री राणी चन्नम्मा पकडायची, गुरुवारी रात्री परत, म्हणजे चार आठवड्यांत आठ तिकिटं आणि आठ रात्रींचा पीजी नाहीतर लॉज, तोही बेळगावचा खर्च धरून ठरवलेल्या पगारात. वंदे भारत आहे की, असं शहापूरचे काका सांगतील, पण ती पहाटे इथून निघून दुपारी पोचते, तोवर स्टँडअप संपून जेवणं पण झालेली असतात. (आईचा डबा तेवढा गाडीत संपतो.)

साहेबांनी तोंडी सांगितलंच की 'तू बेळगावातूनच कर, मी बघतो', तर तेवढ्यावर खूश व्हा. साहेब बदलले की नवे साहेब रिपोर्ट उघडतात, त्यात तुमची हजेरी शून्य.

खानापूरच्या एका पोरीला मात्र हे जमलं नाही. मॅनेजर राउंडनंतर, ऑफर स्वीकारायच्या आधी तिने एचआरला मेल टाकला: जाहिरातीत बेळगाव आहे, टीम बेंगळुरात दिसते, तर माझं बेस लोकेशन कुठलं, आणि तिकडे यावं लागलं तर किती दिवस व कुणाच्या खर्चाने, हे लेटरमध्ये लिहून मिळेल का? एचआर म्हणाली फार प्रश्न विचारते, आणि तीन महिन्यांतून एक आठवडा बेंगळुरू, खर्च कंपनीचा, असं लिहून दिलं. आता टीममध्ये तिला कुणी अ‍ॅडजस्टिंग म्हणत नाही म्हणे.